कानात किडा गेला तर: दिंडीच्या औषधपेटीवरून

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केळझर येथे झालेल्या बोलण्याचा लिखित मजकूर)



 औषधपेटीवर बसणाऱ्या आम्हा मंडळींना आज बोलायला उभं केलं आहे. संयोजकांना वाटलं, आम्ही पायाचे फोड नाहीतर जुलाब हा विषय घेऊ. ते तर दरवर्षी निघायच्या आदल्या दिवशी सांगतोच. आज एकच लहान गोष्ट घेतली आहे. रात्री झोपेत माणसाच्या कानात जिवंत किडा शिरला, तर शेजारी झोपलेल्यानं काय करायचं आणि काय करायचं नाही.

लहान गोष्ट म्हटलं खरं, पण ज्याच्या कानात शिरला त्याला विचारा. आणि या दुखण्याची एक खोड अशी, की ते रात्री येतं, डॉक्टर जवळ नसताना येतं, आणि पहिली पाच मिनिटं त्या माणसाचा कान ज्यांच्या हातात असतो ते सगळे त्याचे मायेचे लोक असतात. किड्यानं कानाचं फार नुकसान केलेलं आम्ही क्वचित पाहिलं. काडेपेटीच्या काडीनं, केसाच्या पिनेनं आणि गाडीच्या किल्लीनं केलेलं मात्र पुष्कळ पाहिलं आहे.

काही वर्षांमागची गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यात एका शाळेत मुक्काम होता. मृगाचा पाऊस नुकताच पडून गेलेला, व्हरांड्यात रांगेनं पथाऱ्या, शेजारच्या खोलीत पोषण आहाराचं धान्य. रात्री दीडच्या सुमारास आमचा एक तरुण मृदंगी किंचाळत उठला. "डोक्यात ट्रॅक्टर सुरू झाला ना बाप्पा, काढा वो कोणी!" पोरगा धडधाकट, पण दोन्ही हातांनी कान दाबून जमिनीवर लोळत होता. क्षणात दहा जण गोळा झाले. एकानं मोबाईलचा उजेड कानात टाकला, एक जण तांब्याभर पाणी घेऊन आला, आणि त्याच्या सख्ख्या भावानं काडेपेटीतली काडी काढलीच होती. ती काडी आम्ही हातातून घेतली.

एवढा मोठा आवाज का होतो, ते आधी सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. कानाचं भोक म्हणजे इंचभर लांबीची एक नळी आहे, आणि ती सरळ नाही, मध्ये वळलेली आहे. बाहेरचा तिसरा हिस्सा मऊ कुर्चेचा, त्यात केस आणि मळ. आतला भाग हाडाचा, आणि त्या हाडावर कातडी इतकी पातळ की कापसाचा बोळा टेकला तरी कळ डोक्यात जाते. नळीच्या शेवटी पडदा. करंगळीच्या नखाएवढा आणि वहीच्या कागदाइतका पातळ. हा पडदा दूरच्या माणसाचं कुजबुजणं झेलायला बनवलेला आहे. त्याच्यावर प्रत्यक्ष सहा पाय नाचले तर ते ढोल बडवल्यासारखं वाटणारच. माणूस नाटक करत नाही, माउली. त्याला 'गप पड, एवढंसं तर पाखरू' म्हणू नका.

आता किड्याकडून पाहा. झुरळाला चहूबाजूंनी अंग घासेल अशी चिंचोळी, काळोखी जागा आवडते. कान म्हणजे त्याच्यासाठी बनवलेली फट. आत शिरल्यावर त्याला वळायला जागा नसते, आणि पायांवरचे काटे मागं झुकलेले असल्यामुळे मागं सरकणं कठीण. मग ते पुढंच जातं आणि पडद्याला धडकतं. त्याच्या पाठीला काडीनं टोचलं तर ते अजून पुढं जाईल, दुसरं काय करेल? म्हणून पहिला नियम असा की जिवंत किडा काढायचा नाही. आधी मारायचा, मग काढायचा. मारणं घरी जमतं. काढणं बहुतेक वेळा जमत नाही, आणि जमवायचा हट्टही धरू नये.

मारायचा तर कशानं? तेलानं. किड्याला नाक नसतं, त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्रं असतात, त्यांतून तो श्वास घेतो. तेल त्या छिद्रांत चिकटून बसतं आणि तो गुदमरतो. पाणी तसं चटकन करत नाही, उलट पाण्यात तो जास्त धडपडतो, आणि ती प्रत्येक धडपड पडद्यावर होते. खोबरेल, फल्लीचं तेल, तिळाचं तेल, लहान लेकराच्या अंगाला लावायचं साधं तेल, जे स्वच्छ आणि न झोंबणारं हाताशी असेल ते चालतं. मोहरीचं झोंबतं, ते नको. दिव्यातलं जळकं तेल नको. आणि रॉकेल, फिनाईल, स्पिरिट, झुरळं मारायचा फवारा, तंबाखूचं पाणी यांतलं काहीही नको. त्यांनी किडा मरेल, पण कातडी भाजेल.

त्या रात्री आम्ही मृदंग्याला दोन प्रश्न विचारले. एक, हा कान कधी वाहत होता का, फुटला होता का, त्याचं ऑपरेशन झालं होतं का? दोन, आत गेलं ते किडाच आहे, नक्की? तो म्हणाला, "कान मस्त आहे साहेब, आतमंदी चालून रायलं ते." मग त्याला कुशीवर झोपवलं, किड्याचा कान वर. खोबरेलाची बाटली एकानं बगलेत धरून कोमट केली. थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून पाहिला, गरमही लागू नये आणि गारही लागू नये. हे चोचले नाहीत. कानात गार किंवा गरम काही गेलं की माणसाला गरगरतं, उलटी होते, आणि तो उठून पळू लागतो. मग कानाची पाळी वर आणि मागं ओढली, म्हणजे नळी थोडी सरळ होते. लहान लेकराची असेल तर खाली आणि मागं ओढायची. नळीच्या कडेकडेनं हळूहळू तेल सोडलं, कान तोंडापर्यंत भरेस्तोवर. मोठ्या माणसाच्या कानात चहाच्या चमच्याचा पाव हिस्सा मावतो, त्याहून फार नाही. अख्खी वाटी ओतायची गरज नाही.

पहिल्या अर्ध्या मिनिटात त्रास वाढला. हे आधी सांगून ठेवावं लागतं, कारण मरताना किडा जोर करतो. आम्ही त्याचे दोन्ही हात धरले आणि त्याच्या भावाला कानाशी नव्हे, पायाशी बसवलं. दोनेक मिनिटांत पोरगा शांत झाला. तरी दहा मिनिटं तसाच पडून राहायला सांगितलं. मग उपरणं लावून कान खाली केला. तेल निथळलं, आणि तेलाबरोबर तपकिरी पंखाचा एक तुकडा आला. सगळ्यांनी हुश्श केलं. पोरगा म्हणाला, "गेलं एकदाचं." आणि आम्ही त्याला झोपायला सांगितलं.

इथं आमची चूक झाली, ती आज सर्वांसमोर सांगतो. आवाज थांबला म्हणजे किडा मेला, एवढंच खरं. तो बाहेर आला, असा त्याचा अर्थ होत नाही. आम्ही पंखाचा तुकडा पाहिला आणि अख्खा किडा आला असं धरून चाललो. सकाळी त्याला डॉक्टरकडं न्यायला हवं होतं, पण प्रस्थानाची घाई, तो मृदंगाला हवा, आणि त्यालाही बरं वाटत होतं. चौथ्या मुक्कामाला कान ठणकू लागला. भोकापुढचा जो छोटा उंचवटा असतो तो दाबला की कळ, घास चावला की कळ, कानाला वास, आणि नळी सुजून जवळजवळ मिटलेली. रुग्णालयात आतून धड आणि चार पाय निघाले. सुजलेल्या नळीतून ते काढायला अर्धा तास लागला आणि पोराला त्या रात्रीपेक्षा जास्त दुखलं. पहिल्या सकाळी तेच काम पाच मिनिटांचं होतं.

तेव्हा हिशेब असा. किडा जिवंत असेल आणि माणूस तळमळत असेल तर तेल आत्ता, याच मिनिटाला. किडा मेला आणि त्रास थांबला तर रात्री दोनला गाडी काढायची गरज नाही, पण दुसरा दिवस मावळायच्या आत कान दुर्बिणीतून पाहून घ्यायचाच. तेलाबरोबर सबंध किडा बाहेर पडला तरी पाहून घ्यावा. न आलेला किडा घरी पिचकारीनं धुवायचा नाही, चिमट्यानं धरायचा नाही, कानकोरणं तर पेटीतच ठेवायचं.

उजेडाबद्दल लोक हमखास विचारतात, कारण आपल्याकडं सगळे दिवे मालवून कानाशी बॅटरी धरायची जुनी रीत आहे. ती अगदीच खोटी नाही. दिव्यावर झेपावणारं पाखरू, चिलट, पावसाळी किडा असेल तर तो कधी कधी उजेडाकडं येतो. पण झुरळ उजेडापासून पळतं, आणि कानात पळायचं म्हणजे पडद्याकडं पळायचं. आत काय आहे ते रात्री कोणाला कळतं? म्हणून आमचं मत असं, की तेल हाताशी येईस्तोवर मिनिटभर उजेड बाहेरून दाखवून पाहायला हरकत नाही, पण त्रास वाढला की लगेच बंद. उजेडाच्या नादात तेलाला उशीर होऊ नये.

काडी, पिन यांचं काय होतं, याची एक जुनी हकीकत जगभरच्या कानाच्या डॉक्टरांना ठाऊक आहे. जॉन हॅनिंग स्पीक नावाचा कंपनी सरकारच्या फौजेतला एक इंग्रज अधिकारी होता. नाईल नदीचा उगम शोधायला निघालेली त्याची तुकडी १८५६ च्या डिसेंबरात आपल्या मुंबईहूनच जहाजानं झांजीबारला गेली. १८५८ साली आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरावर असताना एका रात्री वादळ झालं, तंबू कोलमडला, आणि तो सावरून मेणबत्ती लावली तर आत सगळीकडं काळे भुंगेरेच भुंगेरे. झटकून झटकून तो थकला आणि तसाच झोपला. एक भुंगेरा त्याच्या कानात शिरला. त्यानं आधी वितळवलेलं लोणी ओतलं. त्याच्याच सांगण्याप्रमाणं त्यानं भागलं नाही. मग धीर सुटला आणि त्यानं खिशातल्या चाकूचं टोक आत घातलं. भुंगेरा मेला, पण कान जखमी झाला, पू झाला, गळ्यापर्यंत गाठी आल्या, कित्येक दिवस त्याला चावता येईना. त्या कानानं तो जवळजवळ बहिरा झाला. नाक शिंकरलं की कानातून शिट्टी वाजायची, म्हणजे पडद्याला भोक पडलं होतं. भुंगेऱ्याचे पाय आणि पंख मळातून सहा-सात महिने निघत राहिले. हे सगळं त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे. तंबूत झोपणारा, वादळानं हैराण, आणि जवळ डॉक्टर नाही. त्याच्यात आणि आपल्यात फरक तो काय, दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा.

आता दुसरी गोष्ट, आणि खरं म्हणजे हिच्यासाठीच आम्ही आज उभे आहोत.

मृदंग्याच्या प्रसंगानंतर आम्ही दिंडीत सगळ्यांना 'कानात किडा गेला की तेल' असं शिकवलं. शिकवलं ते इतकं पक्कं शिकवलं, की पुढच्याच एका वारीत आमच्या एका मावशींच्या डाव्या कानात झुरळ गेलं आणि आम्ही पोहोचायच्या आत बायांनी त्यांना कुशीवर घेतलं होतं, तेल कोमट केलं होतं, बाटली कानावर तिरपी झाली होती. सगळं आम्ही शिकवलं तसंच. फक्त पहिला प्रश्न कोणी विचारला नव्हता. आम्ही धावत जाऊन विचारला, "मावशी, हा कान वाहतो का?" मावशी दुखण्यानं बेजार, म्हणाल्या, "नाही वो, काई नाही वाहत, टाका लवकर." बाटली अजून खाली आली. तेवढ्यात त्यांची जाऊ मागून बोलली, "अवो, खोटं कायले सांगता? लहानपणापासून फुटका आहे तो कान. दर पावसाळ्यात वाहते. कापूस घालून फिरते त्या."

बाटली तिथंच थांबवली.

कान वाहतो म्हणजे बहुधा पडद्याला भोक आहे. भोकातून तेल आत मधल्या कानात जातं, आणि तेलाबरोबर बाहेरची घाण आणि किड्याचा कचराही जातो. चक्कर येते, ओकाऱ्या होतात, आणि दबलेला पू पुन्हा पेटतो. म्हणून कान वाहत असेल, पूर्वी फुटला असेल, कानाचं ऑपरेशन झालं असेल, किंवा त्याच वेळी कानातून रक्त आलं असेल, तर त्या कानात तेल नाही, पाणी नाही, काहीच नाही. आणि हा प्रश्न त्या माणसाला एकट्याला विचारायचा नाही, घरच्यालाही विचारायचा. आपल्याकडं कान वाहणं लोक सांगत नाहीत. बायका तर नाहीच सांगत. लग्नाच्या वेळी लपवलेलं असतं, मग जन्मभर लपवावं लागतं. दुखण्याच्या भरात माणूस काहीही कबूल करतो, तसं काहीही नाकबूलही करतो.

मग त्या रात्री काय केलं? जिवंत झुरळ कानात घेऊन मावशींना गाडीनं न्यावं लागलं. जाऊबाई दोन्ही हात धरून बसल्या होत्या, म्हणजे बोट कानात जाऊ नये. तालुक्याच्या रुग्णालयात रात्रपाळीच्या डॉक्टरांनी कानात दुर्बीण धरून पाहिलं आणि सांगितलं, "झुरळाची मागची बाजू दिसते, पडदा दिसत नाही, आणि कान जुना वाहता आहे. हे मी उजेडात चाचपडत काढणार नाही." काहींना राग आला. आम्हाला त्या डॉक्टरांबद्दल आदर वाटला. पडदा दिसत नसताना, साधं हत्यार घेऊन, हलणाऱ्या माणसाच्या कानात शिरणं यानंच पुढची भानगड होते. त्यांनी आधी फोन करून आम्हाला मोठ्या रुग्णालयात पाठवलं. पहाटे साडेचारला तिथल्या कानाच्या डॉक्टरांनी मावशींना टेबलावर घेतलं.

डॉक्टर लोक आत काय करतात याची लोकांना भीती वाटते, म्हणून ते आम्ही पाहिलं तसं सांगतो. वर एक मोठा सूक्ष्मदर्शक असतो, त्याच्या उजेडात नळी रस्त्यासारखी रुंद दिसते आणि डॉक्टरांचे दोन्ही हात मोकळे राहतात. एका नर्सनं मावशींचं डोकं नुसतं धरून ठेवलं. निम्मं काम डोकं स्थिर राहण्यातच असतं. कान शाबूत असता तर डॉक्टरांनी आधी तेल किंवा बधिर करणारं लिग्नोकेन घालून झुरळ मारलं असतं. इथं ते जमणार नव्हतं. म्हणून बारीक नळीनं आधी बाहेरचा पू ओढून घेतला, मग मगरीच्या जबड्यासारखं तोंड उघडणारा लांब, नाजूक चिमटा आत नेऊन झुरळाला मागून पकडलं आणि सावकाश ओढलं. चिमटा नळीला टेकला की मावशींना खोकला यायचा. कानाची आणि घशाकडची एक नस एकच आहे, त्यामुळं काहींना असं होतं, घाबरायचं कारण नाही. एकदाच त्या जोरात ओरडल्या. झुरळ तीन तुकड्यांत आलं. डॉक्टरांनी ते कापडावर मांडून पाय मोजले. सहा भरले. तेव्हाच पुन्हा आत पाहिलं, कारण बाहेर सहा पाय असले तरी आत काही उरलेलं नाही हे डोळ्यांनीच पाहावं लागतं. मग पडदा दिसला, मधोमध जुनं भोक. नळीच्या कातडीला ओरखडे होते, त्यासाठी फुटक्या कानाला चालणारे थेंब दिले. सगळे थेंब फुटक्या कानाला चालत नाहीत, म्हणून दुसऱ्याच्या बाटलीतले घालू नका. कानात पाणी जाऊ द्यायचं नाही आणि आठ दिवसांनी पुन्हा दाखवायचं, एवढं सांगून सोडलं.

लिग्नोकेनचं नाव निघालं म्हणून एक मजेची गोष्ट. १९८५ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका नामांकित वैद्यकीय मासिकाला पत्र लिहिलं. त्यांच्याकडं एक रुग्ण आला, त्याच्या दोन्ही कानांत एकेक झुरळ. तेल बरं की लिग्नोकेन, हा वाद डॉक्टरांत होताच. आयती परीक्षा मिळाली. एका कानात तेल टाकलं, दुसऱ्यात लिग्नोकेन. तेलातलं झुरळ धडपडून मेलं, पण ते काढायला पुष्कळ कसब लागलं. लिग्नोकेनचं झुरळ कानातून उसळून बाहेर आलं आणि जमिनीवरून पळत सुटलं, ते एका डॉक्टरानं पायाखाली चिरडलं. म्हणून कोणी घरी लिग्नोकेन वापरायला जाऊ नये. पडदा फुटका असला तर त्यानं माणूस गरगरून आडवा होतो, आणि पडदा शाबूत आहे की नाही हे घरी दिसत नाही.

मघाच्या दुसऱ्या प्रश्नाकडं येतो, आत गेलं ते किडाच आहे का? मोठं माणूस सांगू शकतं. लेकरू सांगू शकत नाही, ते नुसतं रडतं. लेकराच्या कानात तुरीचा दाणा असतो, मणी असतो, आणि आजकाल खेळण्यातला बटणासारखा चपटा सेल असतो. दाणा पाण्यानं फुगतो. सेल ओला झाला की काही तासांत कातडी जाळतो, तिथं तर तेल-पाणी काहीच नको, थेट दवाखाना, त्याच क्षणी. तेव्हा लेकराच्या बाबतीत किडा आत जाताना कोणी डोळ्यांनी पाहिला असेल किंवा तो दिसत असेल तरच तेल. लेकरू फार हलत असेल तर डॉक्टर त्याला भूल देऊन काढतात, त्याला आईबापांनी नाही म्हणू नये. हलत्या लेकराच्या कानात चिमटा घालण्यापेक्षा ती भूल बरी.

गोठ्याशेजारी मुक्काम असेल तर गोचीड कानात शिरते. तिचा आवाज फारसा येत नाही, नुसतं ठणकतं आणि जड वाटतं, कधी रक्ताचा थेंब येतो. ती आत तोंड रुतवून बसते, ओढली तर तोंड आत राहतं. ती सूक्ष्मदर्शकाखालीच काढायची. आणि कानात गोचीड असताना किंवा नंतर चेहरा एका बाजूला वाकडा वाटला, डोळा मिटेना, तर 'वारं लागलं' म्हणून घरी बसायचं नाही. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. किडा कोणताही असो, भोवळ येत असेल, रक्त थांबत नसेल किंवा एकाएकी ऐकू येईनासं झालं असेल, तर तिथंही असंच.

मावशींचं पुढं काय झालं, असं सगळे विचारतात. पंढरपूर त्यांनी चालतच गाठलं, कानात कापूस घालून, चंद्रभागेत डोकं न बुडवता. त्याबद्दल त्यांना वाईट वाटलं, ते आम्ही लपवत नाही. दिवाळीनंतर त्यांनी पडदा शिवून घेतला. म्हणजे खरं तर शिवत नाहीत, कानामागून स्नायूवरचा पातळ पापुद्रा घेऊन भोकावर बसवतात, पण लोक शिवणंच म्हणतात. आता पावसाळ्यात कान वाहत नाही. आणि जाऊबाई त्यांना अजून चिडवतात, "झुरळ गेलं नसतं तं कान बरा झाला नसता."

त्या रात्रीनंतर औषधपेटीत एक भर पडली आहे आणि एक वजाबाकी झाली आहे. कानकोरणं आणि कापसाच्या काड्या काढून टाकल्या. खोबरेलाची छोटी बाटली आली, तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'आधी विचारा' अशी चिठ्ठी. मुक्कामाला भाकरीचे तुकडे आणि पंगतीचा दिवा झोपायच्या रांगेपासून लांब ठेवतो, आणि रात्री उपरण्याचा फेटा कानावरून घ्यायला सांगतो. कापूस घालायचा तर मोठा बोळा घाला, म्हणजे तोच आत जाऊन बसायचा नाही.

आणि प्रस्थानाच्या आदल्या दिवशी नोंदवहीत नाव, वय, गाव, घरचा फोन यांच्याबरोबर आता आणखी एक रकाना असतो, 'कान वाहतो का, कोणता'. तो आम्ही रांगेत सगळ्यांसमोर विचारत नाही. बाया-बापड्यांना एकेक करून पेटीच्या मागं बोलावतो. पहिल्या वर्षी फार कमी जणांनी सांगितलं. मावशी आता त्या रकान्यापाशी स्वतः बसतात, आणि आधी स्वतःचं नाव सांगतात, डावा म्हणून.